‘कौन हो तुम’ हे गाणं कुणाला सापडेल का? शोधायला गेलं की भलतंच सगळं येतंय

मृण्मयी_उ | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन दिवस एका गाण्याच्या मागे आहे आणि आता डोकं बंद पडलंय.

बाबा अधूनमधून एक हिंदी गाणं गुणगुणतात. त्यातले ‘कौन हो तुम’ एवढेच शब्द स्पष्ट कळतात, बाकी नुसती चाल. विचारलं तर म्हणाले, ‘शकुंतलेच्या पिक्चरमधलं, रफीचं.’ चित्रपटाचं नाव आठवत नाही. शाळेत असताना थिएटरात पाहिलेला, म्हणजे साठच्या आसपासचा असावा.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. ‘कौन हो तुम’ टाकलं तर मालिकांचे तुकडे आले, भुताच्या गोष्टी आल्या (प्रत्येकीत कुणीतरी अंधारात हेच विचारतं), शायरीची पानं आली. ‘kaun ho tum song’ टाकलं तर ढिगाने नवी गाणी. ‘शकुंतला’ जोडलं तर विद्या बालनचा २०२० मधला ‘शकुंतला देवी’. ‘रफी’ जोडलं तर रफींची शंभर गाणी, त्यात हे नाही. आता काय करू?

---

भटका_कान | शनिवार, रात्री ११:५२

‘कौन है जो सपनों में आया’ असणार. रफी, १९६८, ‘झुक गया आसमान’. ताई, बाबांनी ‘है जो’चं ‘हो तुम’ केलंय, बाकी काही नाही. आमच्याकडे पण असंच होतं.

---

मृण्मयी_उ | रविवार, १२:०५

नाही हो, ते मला माहीत आहे. ते उडतं गाणं आहे. हे संथ आहे, आणि शब्द एकदम संस्कृत वळणाचे. बाबांना ‘कौन आया मेरे मन के द्वारे’ही ऐकवलं, त्यावर नुसता हात झटकला.

---

केतन_७ | रविवार, सकाळी ७:३०

Shazam लावा आणि बाबांना समोर बसवून म्हणायला सांगा. दोन सेकंदांत सांगेल.

---

तबकडी | रविवार, सकाळी ९:१०

केतन, Shazam गुणगुणणं ओळखत नाही. त्याच्याकडे मूळ ध्वनिमुद्रणांचे ठसे असतात. तेच ध्वनिमुद्रण कुठे वाजत असेल तर गर्दीतसुद्धा पकडेल, पण माणसाने स्वतःच्या गळ्यातून म्हटलं तर त्याच्या लेखी ते दुसरंच काहीतरी असतं. गुणगुणून शोधायची सोय Google च्या अॅपमध्ये आहे, ती वापरून बघायला हरकत नाही. माझा अनुभव असा की गाजलेल्या गाण्यांना ती चालते, आडबाजूच्या जुन्या गाण्यांना बहुतेक वेळा भलतंच काहीतरी दाखवते.

मृण्मयी, तुमच्या प्रश्नातली खरी अडचण वेगळी आहे. ‘कौन’, ‘हो’, ‘तुम’ हे तिन्ही शब्द हिंदीत रोज वापरले जातात. असे शब्द शोधायला दिले की शोधयंत्राकडे निवडायला काहीच उरत नाही, मग ते लोक सध्या काय बघताहेत ते पुढे करतं. म्हणजे त्या तीन शब्दांना तुम्हाला एखादा विरळा जोडीदार द्यायला हवा. तुम्ही दिलेले दोन, ‘रफी’ आणि ‘शकुंतला’, मुळीच विरळे नाहीत. त्यात रफी ही तर बाबांची आठवण.

जुन्या पुरुष आवाजाच्या गाण्याला ‘रफी’ म्हणणं ही सर्रास होणारी गफलत आहे. चुकीची खूण दिली की काम आणखी बिघडतं, कारण बरोबर पानावर ते नाव नसेल तर ते पान खाली ढकललं जातं, आणि नाव अवतरणात टाकलंत तर कायमचं गळतं. म्हणून आधी रफी काढून टाका. शकुंतला राहू द्या. गायकाच्या नावापेक्षा पडद्यावर काय चाललं होतं ते माणसाला जास्त पक्कं आठवतं.

---

मोरपीस_१ | रविवार, सकाळी ९:४०

माझा प्रश्न इथेच विचारते, नवा धागा काढत नाही. मला ‘तेरे बिना’ हवंय. फक्त बाईचा आवाज, संथ, पडद्यावर रेखा. गीतकार गुलजार आहेत हे नक्की, तरी सापडत नाही. कसं शोधू?

---

जुना_रेडिओ | रविवार, सकाळी १०:१५

शकुंतला, संस्कृतप्रचुर हिंदी, साठच्या आसपास? मग व्ही. शांताराम, ‘नवरंग’, १९५९. संध्या, संगीत सी. रामचंद्र, गीतं भरत व्यास, आवाज महेंद्र कपूर. डोळे झाकून सांगतो. ‘आधा है चंद्रमा’ त्यातलंच. धागा बंद करा.

---

मृण्मयी_उ | रविवार, सकाळी ११:००

जुना_रेडिओ, धन्यवाद! पण ‘नवरंग’च्या यादीत ‘कौन हो तुम’ दिसत नाहीये. शिवाय ‘नवरंग’ कवीची गोष्ट आहे ना? शकुंतला कुठून आली?

---

जुना_रेडिओ | रविवार, सकाळी ११:२०

याद्या अपुऱ्या असतात. मी थिएटरात पाहिलाय तो.

---

तबकडी | रविवार, दुपारी १:३५

‘नवरंग’ नाही. पण जुना_रेडिओंनी अर्धं काम केलंय, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. चित्रपट चुकला, मंडळी बरोबर आहेत.

शांताराम, सी. रामचंद्र, भरत व्यास आणि महेंद्र कपूर हे चौघं ‘नवरंग’नंतर पुन्हा एकत्र आले ते ‘स्त्री’ला. साल १९६१. गोष्ट दुष्यंत-शकुंतलेची, शकुंतला म्हणजे संध्या. त्यात महेंद्र कपूरचं ‘कौन हो तुम कौन हो’ आहे. तुमचं गाणं हेच असावं. लताबाईंचं ‘ओ निर्दयी प्रीतम’ आणि दोघांचं ‘आज मधुवातास डोले’ही याच चित्रपटातलं.

आता रफीचं कोडं. महेंद्र कपूर रफींना गुरू मानत, आणि सुरुवातीच्या काळातल्या आवाजात ते ऐकूही येतं. त्यामुळे बाबांची चूक अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही.

बाकी माझ्या आठवणीवर जाऊ नका, ताडून बघा. हमराज यांच्या हिंदी फिल्म गीत कोशाचा चौथा खंड १९६१ ते १९७० चा आहे. त्यात चित्रपट वर्षवार लावलेत, आणि चित्रपटाखाली गाण्यांच्या पहिल्या ओळी, गायक, गीतकार. एखाद्या वाचनालयात मिळाला तर ‘स्त्री’ उघडा. सालाचा घोळ नेहमीचा असतो, म्हणून एखादा चित्रपट सांगितलेल्या वर्षात नसला तर एक वर्ष मागे आणि एक पुढे पाहायचं.

---

मृण्मयी_उ | रविवार, दुपारी २:१०

अंगावर काटा आला! पण आता नवं संकट. ‘stree songs’ टाकलं तर सगळं २०१८ चं आणि त्यानंतर आलेल्या दुसऱ्या भागाचं. ‘stree kaun ho tum’ टाकलं तर परत भूतच, कारण तो भुताचाच पिक्चर, त्यात कुणीतरी ‘कौन हो तुम’ म्हणणारच 😩 गाण्याचं नाव सामान्य, चित्रपटाचं नावही सामान्य. वर ‘संध्या’ म्हणजे संध्याकाळ, त्याच्या भजनांचा वेगळाच पूर.

---

अनुस्वार | रविवार, दुपारी ३:२५

सहसा इथे लिहीत नाही, पण रोजच्या कामात याद्या जुळवणं चालू असतं, म्हणून दोन गोष्टी सांगते.

तबकडींनी गाण्याची ओळ पूर्ण दिली आहे, ‘कौन हो तुम कौन हो’. ती तशीच्या तशी अवतरणात टाका. ‘कौन हो तुम’ मालिकेतलं कुणीही म्हणतं, पण बोलताना शेवटी परत ‘कौन हो’ जोडून म्हणणारं सहसा कुणी नसतं. तशी पुनरुक्ती गाण्यात होते. तुम्ही गाण्याचं नाव शोधत होता, म्हणून तीन शब्दांवर थांबलात. जुन्या हिंदी गाण्यांना वेगळं नाव नसायचं, पहिली ओळ हेच नाव. मग ती तोडायची कशाला?

मी आत्ता हे करून पाहिलं:

```
"कौन हो तुम कौन हो" "भरत व्यास"
"kaun ho tum kaun ho" "bharat vyas"
"kaun ho tum" "mahendra kapoor" before:2018-01-01
```

पहिल्या दोन ओळींत भुतं गेली. भरत व्यास यांचं नाव २०१८ च्या चित्रपटाशी कुणी जोडणार नाही, म्हणून ते ‘स्त्री’ या नावापेक्षा जास्त कामाचं ठरतं. तिसऱ्या ओळीतलं before: नव्या चित्रपटाच्या आधीचीच पानं दाखवतं, त्यामुळे पूर एकदम ओसरतो. त्याची अडचण अशी की जुनं गाणं कुणी २०२१ साली टाकलं असेल तर तेही जातं, आणि पानाची तारीख दरवेळी खरी नसते. म्हणून तो उपाय शेवटी, आधी नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. आपण ‘महेंद्र’ लिहितो, पण हिंदीतली बरीच पानं ‘महेन्द्र’ लिहितात. ‘रामचंद्र’ आणि ‘रामचन्द्र’चं तेच. अवतरणात टाकल्यावर हे दोन वेगळे शब्द धरले जाऊ शकतात, त्यामुळे दोन्ही करून पाहा. रोमनमध्ये kaun आणि koun दोन्ही चालतं, पण koun टाकलंत तर ‘हम आपके हैं कौन’ येणार, कारण त्या चित्रपटाचं नावच Koun असं लिहितात.

---

केतन_७ | रविवार, दुपारी ३:५०

एवढं कशाला, ‘-2018 -horror’ टाका की. उणे चिन्ह लावलं की ते शब्द असलेली पानं जातात.

---

अनुस्वार | रविवार, दुपारी ४:०५

जातात, पण पूर मोठा असेल तर एकेक लाट हाताने ढकलत बसावं लागतं. ‘horror’ काढलं की मालिका येतात, मालिका काढल्या की शायरी. शिवाय दोन्ही ‘स्त्री’ची माहिती एकत्र असलेलं एखादं चांगलं पान -2018 मुळे नेमकं गळेल. मी उणे चिन्ह शेवटी एखाद्याच शब्दाला लावते. आणि चिन्हाच्या पुढे जागा सोडायची नाही, नाहीतर ते काहीच करत नाही.

---

तबकडी | रविवार, संध्याकाळी ५:३०

अनुस्वार यांच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. पुनरुक्तीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मोरपीस, तुमचा प्रश्न राहून गेला. तो वरवर सोपा वाटतो, पण तुमची सगळ्यात खात्रीची खूणच तिथे कुचकामी आहे. ‘तेरे बिना’ने सुरू होणारी किमान तीन गाजलेली गाणी गुलजारांची आहेत. ‘आँधी’तलं ‘तेरे बिना ज़िंदगी से कोई शिकवा तो नहीं’ (१९७५), ‘घर’मधलं ‘तेरे बिना जिया जाए ना’ (१९७८), आणि ‘गुरु’मधलं ‘तेरे बिना’ (२००७). म्हणजे ‘गुलजार’ जोडून काहीच गळत नाही.

आता बाकीच्या खुणा लावून बघा. ‘आर. डी. बर्मन’ म्हटलं की रहमानचं ‘गुरु’ गेलं, तरी पहिली दोन राहतात. ‘लता’ म्हटलं तरी दोन्ही राहतात, कारण दोन्हींत त्याच आहेत. पण तुम्ही म्हणता फक्त बाईचा आवाज. ‘आँधी’चं लता-किशोर युगलगीत आहे, ते गेलं. आणि रेखा ‘घर’मध्ये आहे, विनोद मेहरांबरोबर. तर तुमचं गाणं ‘तेरे बिना जिया जाए ना’.

शोधताना मात्र ‘घर’ टाकू नका, जमिनी आणि फ्लॅटच्या जाहिराती येतील. ‘बिना’च्या पुढचा ‘जिया’ हा एक शब्द ‘गुलजार’, ‘लता’ आणि ‘बर्मन’ या तिघांपेक्षा जास्त काम करतो. खूण किती खरी आहे याचा इथे उपयोग नाही. ती किती गाण्यांना लागू पडते ते आधी बघायचं.

---

मोरपीस_१ | रविवार, संध्याकाळी ५:४४

हेच!!! दोन वर्षं शोधत होते. दरवेळी ‘आँधी’चंच लागायचं आणि मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

---

जुना_रेडिओ | रविवार, संध्याकाळी ६:२०

‘स्त्री’ मान्य. पण ‘नवरंग’मध्येही महेंद्र कपूर आहेत हे कुणी नाकारू नये. ‘श्यामल श्यामल बरन’.

---

तबकडी | रविवार, संध्याकाळी ६:२५

कुणीच नाकारलं नाही, साहेब 🙂 तुमच्यामुळेच सापडलं. मला एकट्याला ‘शकुंतला’ एवढ्यावरून शांतारामांचाच १९४३ चा ‘शकुंतला’ सुचला होता. जयश्रीबाई आणि वसंत देसाईंचा. काल रात्री तासभर त्याचीच गाणी चाळत बसलो होतो. तुम्ही महेंद्र कपूर म्हणालात, तेव्हा कळलं की आपण अठरा वर्षं मागे आहोत.

---

सावलीत_बसलेला | रविवार, रात्री ८:००

गाण्यांच्या अॅपवर शोधत असाल तर गाणं शोधूच नका. सी. रामचंद्रांच्या पानावर जाऊन चित्रपटांच्या यादीत ‘स्त्री’ बघा. तिथे २०१८ च्या पिक्चरशी गाठ पडायचा प्रश्नच नाही. सालावर मात्र विसंबू नका, कधीकधी ते पुन्हा प्रकाशित केल्याचं असतं, त्यामुळे साठच्या दशकातला चित्रपट नव्या यादीत सापडतो.

---

मृण्मयी_उ | सोमवार, रात्री १०:१५

बातमी देते.

काल अनुस्वार यांची दुसरी ओळ टाकली, रोमनमधली. पहिल्या पानावरच मिळालं. संध्याकाळी बाबांना न सांगता लावून ठेवलं आणि शेजारच्या खोलीत गेले. अर्धं झाल्यावर त्यांची हाक आली, ‘कुणी लावलंय?’ मग पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा, हे महेंद्र कपूर आहेत. म्हणाले, ‘हो का? रफीच वाटतो.’ पाच मिनिटांनी काकांना फोनवर सांगत होते, ‘अरे ते रफीचं शकुंतलेचं गाणं सापडलं.’ तेव्हा तो विषय मी सोडलाय.

पण एक अडलंय. ते ज्या ओळी गुणगुणतात त्यातलं एक कडवं या ध्वनिमुद्रणात नाहीये. चाल तीच, शब्द वेगळे. ते म्हणतात, पिक्चरमध्ये होतं. मला वाटतं, दुसऱ्या कुठल्या गाण्याशी सरमिसळ झाली असेल. कुणाला सांगता येईल का?

---

तबकडी | सोमवार, रात्री १०:५०

शक्य आहे आणि नाहीही. त्या काळच्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. गाणं लांब असलं तर तबकडीसाठी कडवं गाळायचे किंवा दोन बाजूंवर दोन भाग करायचे, आणि पडद्यावर मात्र पूर्ण असायचं. आज जालावर जे फिरतं त्यातलं पुष्कळ तबकडीवरून आलेलं आहे. त्यामुळे बाबा बरोबर असू शकतात.

पण या गाण्याचं तसं झालं का, हे चित्रपट बघूनच ठरवावं लागेल. त्यातही गोम अशी की दूरदर्शनवर किंवा डीव्हीडीत येणाऱ्या प्रतीत गाणी कापलेली असतात. म्हणजे कडवं दिसलं तर प्रश्न मिटला. नाही दिसलं तर ते नव्हतंच असं म्हणता येणार नाही.

---

अनुस्वार | सोमवार, रात्री ११:०५

बाबांकडून त्या कडव्यातला एखादा चमत्कारिक शब्द काढून घ्या. एकच पुरे. भरत व्यास असतील तर एखादा तरी असा सापडेलच जो दुसऱ्या गाण्यात येत नाही.

---

मृण्मयी_उ | मंगळवार, सकाळी ७:१२

विचारलं. म्हणाले, ‘शब्द नाही आठवत, फक्त ताल.’ रविवारी चित्रपट लावतेय, बाबांना शेजारी बसवून.